पाइप फुटला, घरमालकाला काय कळवाल?

बेसिनखालचा कनेक्शन पाइप बाहेरून स्टीलच्या जाळीचा दिसतो, पण आत असते साधी रबराची नळी. बाथरूमच्या ओलीने आणि ॲसिडने फरशी धुवायच्या सवयीने ही जाळी गंजते, एकेक तार तुटते, तिथे रबराला फुगा येतो आणि एके दिवशी तो फुटतो.

कोथरूडला भाड्याने राहणाऱ्या, आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या फ्लॅटमध्ये भल्या पहाटे हेच झालं. तिने आधी बेसिनखालचा अँगल कॉक बंद करायला घेतला. तो क्षाराने इतका धरला होता की हलेना. मग वॉचमनला उठवून टेरेसवर पाठवलं. तिथे टाकीखाली व्हॉल्व्हची रांग असते. बाथरूमची लाइन वेगळी, स्वयंपाकघराची वेगळी, आणि त्यांवर फ्लॅटचे नंबर क्वचितच रंगवलेले असतात. योग्य व्हॉल्व्ह सापडेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. मिनिटाला 12 लिटर धरलं तरी हे 240 लिटर पाणी होतं. दहा बाय बाराच्या खोलीत ते दोन सेंटिमीटरच्या वर चढतं.

दरम्यान तिने विजेचा मेन स्विच पाडला. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरच होता, त्यामुळे हे पुसापुशीच्या आधी करणं गरजेचंच होतं. स्विचपर्यंत जायला पाण्यातूनच वाट असेल, तर पाण्यात पाय न घालता खाली मीटररूममधून वीज बंद करून घ्यावी.

पाणी थांबल्यावर, पोछा हातात घेण्याआधी तिने फुटलेला पाइप, भिजलेली खोली आणि पलंगाखालचं पाणी यांचा सलग व्हिडिओ काढला. घरमालक नाशिकला राहतात. त्यांना तिने फोन केला आणि लगेच मेसेजही टाकला:

‘काका, नमस्कार. आज पहाटे कॉमन बाथरूमच्या बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला. अँगल कॉक फिरला नाही, म्हणून टेरेसवरून लाइन बंद करून घेतली. मेन स्विचही बंद आहे. हॉल आणि बेडरूममध्ये पाणी आहे. खालच्या काकूंना सांगितलंय, त्यांच्या छताला ओल दिसतेय. व्हिडिओ पाठवते. प्लंबर मी बोलावू की तुम्ही पाठवताय? मी आज घरीच आहे.’

हा मेसेज चांगला आहे, कारण यात काय फुटलं, काय केलं, काय भिजलं आणि मालकाने काय ठरवायचं, हे सगळं आलंय. खालच्या फ्लॅटचा उल्लेखही महत्त्वाचा. फ्लॅटच्या आतल्या गळतीबद्दल सोसायटी सभासदाला, म्हणजे मालकाला विचारते. तक्रार सोसायटीकडून कानावर पडण्यापेक्षा भाडेकरूकडून कळलेली बरी.

नुकसान पहिल्या दिवशी पुरतं दिसत नाही. पलंगाचा बॉक्स पार्टिकल बोर्डचा होता. तो दुसऱ्या दिवशी खालून फुगला आणि कडेची पट्टी सुटली. असं लाकूड वाळलं तरी पूर्ववत होत नाही. बॉक्समधल्या गाद्यांनी पाणी ओढून घेतलं होतं. ओल्या कापसाला एक-दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून गादी त्याच दिवशी उन्हात गेली पाहिजे. जमिनीवर चार्जिंगला ठेवलेला लॅपटॉप भिजला होता. ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबायचं नाही, तसाच दुरुस्तीला न्यायचा, एवढं तिने पाळलं. प्रत्येक वस्तूचा फोटो, घेतल्याचं साल आणि सापडलं ते बिल, अशी यादी तिने मालकांना पाठवली.

पैसे कोणी द्यायचे, हे आधी करारात बघावं. केंद्र सरकारच्या 2021च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात पाइप बदलणं मालकाकडे आणि नळ, वॉशर बदलणं भाडेकरूकडे दिलंय. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो मसुदा बंधनकारक नाही, पण बोलणी करायला उपयोगी पडतो. इथे पाइप आणि प्लंबरचा खर्च मालकांनी विनातक्रार दिला. पलंग त्यांचाच होता. गाद्या आणि लॅपटॉपवर मात्र गाडी अडली. पाइप गंजलाय हे तिने पूर्वी सांगितलं होतं, पण फोनवर. मालकांना ते आठवत नव्हतं. धोका माहीत असून मालकाने दुर्लक्ष केलं, हे दाखवता आलं तरच भाडेकरूची मागणी भक्कम होते. शेवटी निम्म्या रकमेवर तडजोड झाली.

घरमालकाचा विमा असला तरी त्यात भाडेकरूचं सामान धरलेलं नसतं. एप्रिल 2021पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात पाइप फुटून होणारं नुकसान येतं, आणि भाडेकरू फक्त आपल्या सामानापुरताही तो घेऊ शकतो.

तुम्ही भाड्याच्या घरात असाल तर आज बेसिनखाली वाकून बघा. अँगल कॉक फिरत नसेल किंवा जाळीवर गंज दिसत असेल, तर फोटो काढून मालकांना लेखी कळवा.