खोली बदलून मिळण्याबाबत

वर्ध्याला वसतिगृहात होतो तेव्हा खोली बदलण्यासाठी मी दोन अर्ज केले. पहिला वाया गेला. ‘जनरेटर आणि मेसच्या आवाजाने अतोनात त्रास होतो, तरी दुसरी खोली द्यावी,’ एवढंच त्यात होतं. वॉर्डन सरांनी वाचून विचारलं, “त्रास सगळ्याइलेच हाय. तुले कोनती खोली पायजे?” मला सांगता येईना.

मग आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर वेळा टिपल्या. एप्रिल होता आणि वर्ध्याच्या उकाड्यात खिडकी लावून झोपणं शक्यच नव्हतं. सात रात्रींत लाइन तीनदा गेली, म्हणजे जनरेटर तीनदाच चालला. मेस मात्र रोज पावणेपाचला जागी व्हायची. गंज फरशीवरून ओढत आणायचे, मग एक्झॉस्ट पंखा. जनरेटरची घरघर एकसुरी, पंधरा मिनिटांत कान तिला सरावतात. गंजाच्या खरखरीने दचकून जाग यायची ती यायचीच. मी शिव्या जनरेटरला घालत होतो, झोप मोडत होती मेस. नुसतं ‘जनरेटरपासून लांब’ म्हटलं असतं, तर मेसच्या डोक्यावरची खोली पदरात पडली असती.

रिकाम्या खोल्या दोन होत्या. दोन्हींत पहाटे जाऊन उभा राहिलो. मोबाइलवर आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपचा आकडा पुरावा म्हणून चालत नाही, पण एकाच फोनने, खिडकी उघडी ठेवून मोजलं तर दोन खोल्यांतला फरक कळतो.

रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हा २००० सालचा नियम मला माहीत होता. अर्जात मुद्दाम घातला नाही. नियम आला की अर्जाची तक्रार होते, कागद प्राचार्यांकडे जातो आणि खोली राहते बाजूला.

दुसरा अर्ज असा होता:

‘प्रति, मा. वसतिगृह अधीक्षक. विषय: खोली बदलून मिळण्याबाबत. महोदय, माझ्या खोलीची खिडकी मेसच्या मागच्या दाराकडे उघडते व जनरेटर तिच्याखालीच आहे. मेसचे काम पहाटे ४:४५ला सुरू होते. गेल्या आठवड्यातील नोंदी सोबत जोडल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरील, मैदानाकडची शेवटची खोली रिकामी आहे. ती मला मिळावी, ही विनंती. सामान मी स्वतः एका दिवसात हलवीन. आपला विश्वासू.’

दोन प्रती नेल्या. एक दिली, दुसरीवर बाबूंकडून तारखेसह पोच घेतली. आठवड्याने विचारायला गेलो तेव्हा अर्ज सापडेना. पोच दाखवली, सापडला.

नव्या खोलीच्या वर पाण्याची टाकी होती आणि सकाळी सहाला मोटर सुरू व्हायची. तेही मी आधी टिपलं होतं. सहाला मला उठायचंच असे.