बघणारे किती, ऐकणारे किती?

नाशिकच्या जुन्या वाड्यांवर दोन मैत्रिणी पॉडकास्ट करतात, असं समजू. दर पंधरा दिवसांनी चाळीस मिनिटांचा एक भाग. ‘व्हिडिओ का नाही?’ असं जो तो विचारू लागला, म्हणून त्यांनी सहा भाग कॅमेऱ्यासमोर केले आणि यूट्यूबवर टाकले. पहिल्या तीस दिवसांचा हिशेब असा निघाला: ऑडिओला भागामागे सरासरी १,२०० डाउनलोड, व्हिडिओला २,६०० व्ह्यूज. आता ऑडिओ कशाला, असं वाटणं साहजिकच.

पण हे दोन आकडे एका तागडीत तोलता येत नाहीत. डाउनलोड म्हणजे फाइल फोनपर्यंत पोहोचली, एवढंच. मोजणीच्या प्रचलित नियमांनुसार किमान मिनिटभराचा ऑडिओ उतरला की डाउनलोड धरलं जातं. तो कुणी ऐकला की नाही, याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही. कितीतरी भाग ॲप आपणहून उतरवून ठेवतं. २०२३ मध्ये आयओएस १७ आलं आणि ॲपलनं हे आपोआप उतरवणं आवरतं घेतलं, तेव्हा अनेक पॉडकास्टचे डाउनलोड घसरले. श्रोते मात्र होते तिथेच होते. व्ह्यूचं दुखणं वेगळं. तिथे माणूस आलेला असतो, पण बरेचदा दारातूनच परत गेलेला असतो.

म्हणून दोन्हीकडचे तास काढायचे. यूट्यूब स्टुडिओत Average view duration हा आकडा मिळतो. तो साडेचार मिनिटं निघाला, तर २,६०० व्ह्यूजचे झाले १९५ तास. ऑडिओकडे ॲपल आणि स्पॉटिफाय आपापल्या श्रोत्यांनी भाग किती ऐकला ते दाखवतात. त्यावरून अंदाज बांधला की १,२०० पैकी ९०० जणांनी खरोखर ऐकायला घेतला आणि सरासरी २६ मिनिटं ऐकला. हे होतात ३९० तास. म्हणजे व्ह्यूज डाउनलोडच्या दुपटीहून जास्त, पण एकूण ५८५ तासांत व्हिडिओचा वाटा फक्त एक तृतीयांश.

तरी एक तृतीयांश काही थोडा नाही. मग पुढचा प्रश्न येतो, आणि तोच सहसा कुणी विचारत नाही: हे १९५ तास कॅमेऱ्यानं मिळवले की नुसत्या यूट्यूबनं? पुष्कळ लोक यूट्यूबच रेडिओसारखं लावतात, फोन ओट्यावर आणि हात कणकेत. हे तपासायला कॅमेरा लागत नाही. तोच ऑडिओ एका स्थिर चित्रावर चढवून यूट्यूबवर टाकता येतो. आपल्या मैत्रिणींनी आधीचे सहा भाग तसे टाकले होते आणि त्यांना भागामागे ७० तास मिळाले होते, असं धरू. मग कॅमेऱ्याची खरी कमाई १२५ तासांची. त्यासाठी कॅमेरा-दिव्यांचं भाडं चार हजार रुपये आणि एडिटिंगचे जादा नऊ तास. दर तासामागे ३२ रुपये पडले, नऊ तासांची मेहनत वेगळीच. अर्थात, दोन्ही वेळी पाहुणे साधारण सारख्या वजनाचे हवेत. एका बाजूला नामवंत नट आणि दुसऱ्या बाजूला पुराभिलेखागारातले निवृत्त कारकून असतील, तर ही तुलना कॅमेऱ्याची राहत नाही.

सरासरीपेक्षा जास्त बोलका असतो तो प्रत्येक भागाचा आलेख: लोक कुठे गळाले आणि कुठे मागे जाऊन पुन्हा पाहिलं. खुर्चीत बसून मारलेल्या गप्पांचा आलेख सरळ उतरत जातो. पण पाहुण्यानं चौकातल्या लाकडी खांबावरचं कोरीव काम हातानं दाखवलं, त्या मिनिटाला रेषा वर उचलली जाते. तिथे लोक खरंच बघत होते. टीव्हीवर पाहणाऱ्यांचा वाटा मोठा असेल, तर तीही जमेचीच खूण.

एक खड्डा मात्र आधीच पाहून ठेवावा. पॉडकास्ट दुसऱ्या होस्टिंगवर असेल आणि त्याच भागाचा व्हिडिओ स्पॉटिफायवर चढवला, तर तिथे मूळ ऑडिओच्या जागी तो व्हिडिओच वाजतो. ते श्रोते होस्टिंगच्या मोजणीतून गायब होतात आणि होस्टिंगकडून लागणाऱ्या जाहिरातीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मग डाउनलोड कोसळलेले दिसतात आणि ‘व्हिडिओनं ऑडिओ खाल्ला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून चाचणीच्या काळात व्हिडिओ फक्त यूट्यूबवर ठेवावा.

या मैत्रिणींना माझा सल्ला विचाराल, तर गप्पांचे भाग स्थिर चित्रावरच जाऊ द्यावेत. कॅमेरा भाड्यानं आणायचा तो प्रत्यक्ष वाड्यात जाऊन केलेल्या भागांसाठी, वर्षाकाठी चार-पाच वेळा.