कार्डांचा हिशोब आणि कानावरची जर्मन

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी नर्सिंग झाल्यावर जर्मन शिकायला लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून अशी मुलं ठिकठिकाणी दिसतात. "काका, रोज शब्द पाठ करते आणि रोज विसरते," ती म्हणाली, आणि माझ्या कित्येक वर्षांच्या आवडीच्या विषयाला तोंड फुटलं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. विसरण्याचा वेग एबिंगहाउसने १८८५ मध्ये मोजून प्रसिद्ध केला. सेबास्टियान लाइटनरने १९७२ मध्ये पाच कप्प्यांची कार्डपेटी लोकप्रिय केली आणि १९८७ मध्ये पोलंडच्या वोझ्नियाकने तोच हिशोब संगणकावर नेला. याउलट स्टीफन क्रॅशन हे अमेरिकी भाषातज्ज्ञ १९८० च्या दशकात ठासून सांगत होते, की समजेल असं ऐका, समजेल असं वाचा, शब्द आपोआप येतील. पाठांतर करू नका.

मला मोह वोझ्नियाकच्या हिशोबाचा. शब्द आज शिकलात, तर तो उद्या विचारला जातो. आठवला तर सहा दिवसांनी. पुढे मागचं अंतर साधारण अडीचपट होत जातं: १५ दिवस, मग ३७-३८, मग ९४. म्हणजे पाच महिन्यांत एक शब्द फक्त पाचदा समोर येतो आणि प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद मागतो. चुकलात तर गाडी पुन्हा एक दिवसापासून सुरू.

आता हेच वाचनातून होऊ द्या. वापराच्या क्रमवारीत दोन हजाराव्या स्थानाच्या आसपास असलेला शब्द साधारण वीस हजार शब्दांत एकदा भेटतो. २५० शब्दांचं एक पान धरलं तर ऐंशी पानांत एकदा! रोज दोन पानं वाचणाऱ्याची आणि त्या शब्दाची पुढची गाठ चाळीस दिवसांनी, तोवर पहिली भेट पुसलेली. म्हणून केवळ वाचनावर सुरुवात करा, हा सल्ला मला पटत नाही. शिवाय अनोळखी मजकूर आधाराशिवाय नीट समजायला त्यातले ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असं हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासातून दिसतं. म्हणजे पानामागे जेमतेम पाच अडणारे शब्द. नवशिक्याला असं पान मिळणार कुठून? त्याच्यासाठी मुद्दाम सोपं करून लिहिलेलंच हवं.

पण त्या मुलीची कार्डं पाहिली आणि दुखणं कळलं. गोएथे इन्स्टिट्यूटची 'बी-१' पातळीची शब्दयादी सुमारे २४०० शब्दांची आहे. तिने ती अकारविल्हे, रोज वीस या वेगाने घेतली होती. त्यामुळे 'आबफारेन', 'आबगेबेन', 'आबहोलेन' एकाच आठवड्यात आले आणि एकमेकांत गुंतले. हे ओळखायची खूण सोपी आहे: चुकताना तुम्ही कोरे राहत नाही, शेजारच्या शब्दाचा अर्थ सांगता. अशी जोडी दिसली की एक कार्ड महिनाभर बाजूला काढायचं. 'आंकी' हे मोफत अ‍ॅप तर आठ वेळा चुकलेलं कार्ड स्वतःच थांबवतं. त्याला तिथे 'लीच' म्हणतात, म्हणजे जळू.

दुसरी अडचण साचण्याची. रोज वीस नवे घेतले की महिनाअखेर जुनी साठेक कार्डं रोज समोर येतात, चुकलेली वेगळी. परीक्षेच्या आठवड्यात हात लावला नाही, तर शेकडो कार्डांची थकबाकी. तेव्हा नवी कार्डं पूर्ण बंद ठेवून आधी जुनी उरकावीत.

तिसरी मर्यादा मात्र कार्डाच्या हिशोबाने सुटत नाही. तिच्या कार्डावर 'श्टूल' म्हणजे खुर्ची असं होतं. जर्मन वॉर्डात सकाळी नर्स रुग्णाला 'श्टूलगांग' झाला का विचारते, ते शौचाबद्दल. कार्ड चोख पाठ असूनही ती तिथे गोंधळली असती. हा शब्द कुणाच्या तोंडी, कुठल्या वाक्यात येतो, ते ऐकूनच कळतं. इथे क्रॅशन यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

मग आम्ही क्रम उलटा केला. डॉइच वेलेची 'निकोस वेग' ही विनामूल्य चित्रमालिका पायरीपायरीने 'बी-१'पर्यंत नेते. तिचा एक भाग आधी नुसता पाहायचा, मग संवाद वाचत पाहायचा. अडलेल्या शब्दांपैकी पाच-सातच निवडायचे आणि कार्डावर शब्द एकटा न लिहिता ऐकलेलं अख्खं वाक्य लिहायचं, शब्दाच्या जागी रिकामी जागा सोडून. काही दिवसांनी ती म्हणाली, "कार्ड उलटायच्या आधी त्या माणसाचा आवाज ऐकू येतो." जळवा कमी झाल्या आणि रोजचा वेळही घटला.

माझं मत आता पक्कं आहे. पहिल्या दोन हजार शब्दांपर्यंत कार्डं सोडू नयेत, पण तयार यादीवरून ती बनवूही नयेत. त्यापुढे नवी कार्डं कमी करत न्यावीत आणि तो वेळ वाचायला, ऐकायला द्यावा. तुमच्या घरात कुणी जर्मन शिकत असेल, तर आज त्याच्या वहीतली नुसती शब्दयादी बाजूला ठेवायला सांगा आणि उद्याची पाच कार्डं त्याने स्वतः ऐकलेल्या वाक्यांची करू द्या.