घडी, चहाचा डाग आणि पिवळ्या सूर्यातली पेन्सिल

सहा वर्षांच्या एका मुलीने चित्रकलेच्या वहीच्या पानावर घर, नारळाचं झाड आणि डोंगराआडून डोकावणारा सूर्य काढला. आधी पेन्सिलने, मग वरून ऑइल पेस्टलने. पुढे पानाच्या चार घड्या होऊन ते दप्तरात गेलं, बाहेर आल्यावर त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला, आणि आता आजीच्या पंचाहत्तरीला तेच चित्र ए-फोर आकारात छापून फ्रेम करायचं ठरलं आहे. फोनवर फोटो काढून पाहावा तर कागद करडा, घडीची रेघ झाडापेक्षा ठळक आणि सूर्याच्या पोटात काळपट रेघोट्या.

यातलं निम्मं काम संगणक उघडण्याआधीच होतं. घडीवर इस्त्री फिरवायचा मोह मात्र टाळायला हवा. ऑइल पेस्टल म्हणजे तेल आणि मेणात घोळवलेला रंग. कोमट इस्त्रीनेही तो वितळतो आणि पसरतो. चित्रावर बटर पेपर ठेवून ते जाड पुस्तकांखाली दोन दिवस दाबून ठेवलं, तरी घडी बरीच बसते. जी उरते ती सावलीमुळे दिसते. घडी म्हणजे कागदावरचा बारीकसा उंचवटा. खिडकीतून तिरका उजेड आला की त्याची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते. चार घड्यांच्या कागदावर एक रेघ उभी आणि एक आडवी असते, त्यामुळे खिडकीकडे तोंड कसंही फिरवलं तरी एक घडी आडवी येतेच. म्हणून अशा चित्राचा फोटो घरात न काढता अंगणात किंवा गच्चीवर, ऊन नसलेल्या पण वर आभाळ मोकळं असलेल्या जागी काढावा. तिथे उजेड चहूबाजूंनी येतो. फ्लॅश नकोच, कारण पेस्टल आणि पेन्सिलीचं शिसं दोन्ही चकाकतात.

फोन कागदाच्या बरोबर वर धरायचा आणि पानाने चौकट शक्य तितकी भरायची. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण ४००० बाय ३००० ठिपके असतात. पानाने चौकट भरली असेल तर ए-फोर छपाईत इंचाला ३०० हून जास्त ठिपके मिळतात, आणि तेवढे पुरतात. पान चौकटीच्या मधोमध इवलंसं दिसत असेल, तर मात्र पुढे कितीही घासलं तरी छपाई भुरकट येते.

इथे जाणकार आणखी एक फोटो काढतात, आणि नवख्यांना तोच सुचत नाही. चित्र उचलायचं, त्याच वहीतलं कोरं पान त्याच जागी ठेवायचं आणि फोन न हलवता, त्याच एक्स्पोजरला पुन्हा टिपायचं. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की एक्स्पोजर कायम राहतं. कोरं पान पांढरंफेक आलं तर उजेडाची सगळी माहिती पुसली जाते, तेव्हा दोन्ही फोटो जरा कमी उजेडाचे घेतलेले बरे.

आता GIMP हा मोफत प्रोग्रॅम. चित्राच्या थरावर कोऱ्या पानाचा थर ठेवायचा, त्याचे कण दिसू नयेत म्हणून तो Gaussian Blur ने धूसर करायचा आणि थराचा Mode बदलून Divide करायचा. म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला त्याच जागी पडलेल्या उजेडाने भागलं जातं. एका कोपऱ्यातला काळोख आणि कागदाचा पिवळसरपणा एकदमच जातो, रंगांना धक्का लागत नाही. एरवी लोक Levels मध्ये पांढऱ्याचा काटा ओढत बसतात. त्यात कागद पांढरा होतो, पण चिमणीचा फिकट गुलाबी धूरही त्याच्याबरोबर नाहीसा होतो.

चहाच्या डागालाही हाच भागाकार लागू पडतो. चहा पारदर्शक असतो. त्याखाली चित्र शाबूत असतं, म्हणून त्यावर पांढरा रंग फासू नये. आधी डाग कुठवर पसरलाय ते पाहावं. तपकिरी डाग लाल चॅनेलमध्ये जेमतेम दिसतो आणि निळ्यात सर्वांत गडद. Channels मध्ये फक्त Blue चालू ठेवला की डोळ्यांना न जाणवलेली कडही उघडी पडते. मग दोन्ही थर एकत्र करून वर एक नवा थर घ्यायचा, डागाचाच रंग उचलून मऊ ब्रशने तो डागावर रंगवायचा आणि Mode पुन्हा Divide. डागाला डागानेच भागल्यावर पांढरा कागद उरतो. कपाच्या वर्तुळाची कड मात्र राहते, कारण द्रव वाळताना त्यातले कण कडेला वाहून जमतात आणि तिथला रंग दाट होतो. ती कड Healing ब्रशने छोट्या छोट्या टिचक्यांनी काढावी लागते. पेस्टल लावलेल्या भागावर डाग सहसा धरत नाही. मेणावरून चहा ओघळून जातो.

पेन्सिलीपाशी थोडं थांबायला हवं. कोऱ्या कागदावरच्या खोडलेल्या रेघा पुसल्या तर चित्राचं काही बिघडत नाही. पण झाडाचं खोड आधी दोनदा आखून मग तिसऱ्यांदा जमलं असेल, तर त्या दोन रेघा चित्राचाच भाग आहेत, निदान आजीसाठी तरी. काय पुसायचं हे मुलीलाच विचारलेलं बरं. तिची उत्तरं मोठ्यांच्या अंदाजाशी क्वचितच जुळतात.

सूर्याच्या पोटातल्या रेघोट्या मात्र जायलाच हव्यात, आणि तिथे Healing फसतं. ते भोवतालचा रंग मिसळतं, त्यामुळे सूर्याच्या तांबड्या कडेजवळ पिवळ्यात तांबडं झिरपतं. त्याऐवजी Clone घ्यावं, शेजारचा स्वच्छ पिवळा भाग Ctrl दाबून नमुना म्हणून निवडावा आणि ब्रशचा Mode ठेवावा Lighten only. आता नमुन्यापेक्षा गडद असलेले ठिपकेच बदलतात. पेन्सिलीची रेघ उजळते, पेस्टलच्या खरखरीत दाण्यांमधले उजळ ठिपके जागच्या जागी राहतात.

घडीला हीच युक्ती दोनदा वापरायची. काळवंडलेल्या बाजूवर Lighten only, आणि जिथे घडीवर पेस्टल तडकून खालचा पांढरा कागद उघडा पडला आहे तिथे Darken only. ब्रश घडीपेक्षा किंचितच रुंद हवा आणि नमुना दर काही टिचक्यांनंतर बदलायला हवा. एका दमात लांब फटकारा मारला तर घडी जाते, पण तिच्या जागी गुळगुळीत पट्टा उरतो किंवा तोच दाणा ओळीने पुन्हा पुन्हा दिसतो.

छापण्याआधी एक चाचणी करावी. Colors मधलं Threshold उघडून काटा २५५ वर न्यायचा. कागदावर जे ठिपके काळे दिसतील ते अजून पुरते पांढरे झालेले नाहीत, आणि प्रिंटर तिथे बारीक शाई फवारण्याची शक्यता असते. पाहून झालं की Cancel, उरलेलं साफ, आणि फाइल PNG मध्ये. सगळं पान छापण्याआधी सूर्य आणि घडी दोन्ही येतील अशी एक पट्टी त्याच मॅट कागदावर पूर्ण आकारात छापून दिवसाच्या उजेडात पाहावी. पडद्यावर न दिसलेला गुळगुळीत पट्टा तिथे दिसला, तर तेवढ्या जागेवर Clone नवा नमुना घेऊन पुन्हा फिरवावं आणि मगच पूर्ण पान छापावं.