नऊ इंची भिंत: विटा किती, माल किती?

आज वही-पेन जवळ घेऊन बसा, कारण बोलण्यापेक्षा हिशोबच जास्त आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार येत असला आणि मोबाइलवरचं गणकयंत्र हाताशी असलं की पुरे.

घराला एक खोली वाढवायची ठरते. गटातून कर्ज घेतलेलं असतं. गवंडी भिंतीकडे बघून म्हणतो, "सव्वाचार हजार विटा सांगून टाका, ताई." आपण सांगतो. काम संपतं आणि अंगणात पाचशे विटांचा ढीग उरतो. पावसाळ्यात उरलेल्या सिमेंटच्या गोण्या दगड होतात. त्यांचा हप्ता मात्र आपण भरतच असतो. हे टाळायला भिंतीचं माप आपल्यालाच घेता आलं पाहिजे.

आपण एक खोली धरू. आतून १२ फूट लांब, १० फूट रुंद. जोत्यापासून स्लॅबच्या तळापर्यंत उंची १० फूट. चारही भिंती नव्या आणि नऊ इंची. एक दरवाजा, दोन खिडक्या. पायाचं आणि गिलाव्याचं सामान यात धरलेलं नाही, त्याचा हिशोब वेगळा असतो.

आधी भिंतीची लांबी

इथेच पहिली गफलत होते. चारही भिंती आतून मोजल्या तर १२, १०, १२, १० मिळून ४४ फूट येतात. यात चार कोपऱ्यांतल्या विटा मोजायच्या राहून जातात. बाहेरून मोजल्या तर ५० फूट येतात, पण तेव्हा प्रत्येक कोपरा दोनदा मोजला जातो. खरं माप या दोघांच्या मधे आहे. भिंतीच्या जाडीच्या बरोबर मध्यातून एक रेघ चारही बाजूंनी फिरवली आहे असं समजा. त्या रेघेची लांबी आपल्याला हवी.

ती काढायला आतल्या प्रत्येक मापात भिंतीची एक जाडी मिळवायची. नऊ इंच म्हणजे पाऊण फूट, गणकयंत्रावर ०.७५. म्हणून १२ चे झाले १२.७५ आणि १० चे झाले १०.७५. दोन्हींची बेरीज २३.५, त्याची दुप्पट ४७ फूट. उंची १० फूट, म्हणजे भिंतीचं तोंड ४७० चौरस फूट.

आता वजाबाकी

दरवाजा ३ फूट रुंद, ७ फूट उंच: २१ चौरस फूट. खिडकी ४ बाय ४, म्हणजे १६ चौरस फूट. दोन खिडक्यांचे ३२. दोन्ही मिळून ५३ चौरस फूट.

एक गोष्ट इथे नीट ध्यानात घ्या. माप चौकटीच्या बाहेरून बाहेर घ्यायचं, दाराच्या फळीचं नाही. वीट चौकटीला टेकते, फळीला नाही.

दारा-खिडक्यांच्या वर लिंटल येतो. तो सिमेंट काँक्रीटचा असतो, तिथेही वीट लागत नाही. आपल्या लिंटलची उंची ६ इंच धरू. दोन्ही बाजूंना तो सहा-सहा इंच भिंतीवर टेकलेला आहे. म्हणजे दारावर ३ अधिक १, असा ४ फूट लांब. प्रत्येक खिडकीवर ५ फूट. एकूण १४ फूट. उंची अर्धा फूट, म्हणून ७ चौरस फूट.

५३ आणि ७ मिळून ६० चौरस फूट वजा. ४७० मधून ६० गेले, उरले ४१०. हीच आपली खरी विटांची भिंत. तुमच्याकडे लिंटलचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवणार असतील तर १४ ऐवजी पूर्ण ४७ फूट लांबी धरा. तेव्हा ७ च्या जागी साडेतेवीस चौरस फूट वजा होतील. वायर किंवा पाइपासाठी ठेवलेली बारीक भोकं, साधारण चौरस फुटाच्या आतली, कोणी वजा करत नाही. आपणही करू नये.

४१० ला ०.७५ ने गुणलं की ३०७.५ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे आपलं बांधकाम तीन ब्रासच्या थोडं वर.

विटा किती?

इथे दुसऱ्याच्या गावचा आकडा चालत नाही. भट्टी बदलली की विटेचा आकार बदलतो. ट्रक रिकामा व्हायच्या आधी दहा विटा एका रांगेत लांबीने लावा आणि मोजा. मग त्याच रुंदीने आणि उंचीने लावून मोजा. ९० इंच, ४० इंच आणि ३० इंच आले तर वीट ९ बाय ४ बाय ३ ची. आपण हीच धरू.

आता भिंतीसमोर उभ्या राहा. समोर जी वीट आडवी दिसते, तिच्या मागे तशीच दुसरी वीट असते. दोघींची रुंदी चार अधिक चार, मधे साधारण इंचभर माल, झाली नऊ इंच भिंत. काही ठिकाणी विटेचं फक्त टोक दिसतं. ती वीट भिंतीच्या आरपार गेलेली असते, दोन्ही बाजूंना बांधून ठेवायला. त्याने विटांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही.

विटांमधला सांधा अर्धा इंच धरला तर समोरची एक वीट सांध्यासकट साडेनऊ बाय साडेतीन इंच जागा घेते, म्हणजे ३३.२५ चौरस इंच. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच. १४४ ला ३३.२५ ने भागलं तर ४.३३ जोड्या, म्हणजे ८.६६ विटा. ४१० ला ८.६६ ने गुणा: ३,५५१ विटा. फूटतूट शंभराला पाच धरली तर ३,७३० विटा.

दारं-खिडक्या आणि लिंटल वजा केले नसते तर हाच हिशोब ४,२७४ वर गेला असता. फरक सुमारे साडेपाचशे विटांचा. वीट आठ रुपयांना धरली तर सव्वाचार हजारांहून जास्त रुपये.

माल किती?

भिंत ३०७.५ घनफूट. त्यातून विटांची जागा काढली की उरतो तो कालवलेला माल. ९ बाय ४ बाय ३ च्या १६ विटांचा बरोबर एक घनफूट होतो, हे लक्षात ठेवायला सोपं. ३,५५१ ला १६ ने भागलं की २२२ घनफूट विटा. उरले साधारण ८६ घनफूट माल.

पण हा माल ओला आहे. कोरडी वाळू आणि सिमेंट पाण्यात कालवली की वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या भरतात आणि माल खाली बसतो. म्हणून कोरडं सामान ओल्याच्या सव्वापट ते एक तृतीयांश जास्त घ्यावं लागतं. ८६ ला १.३ ने गुणलं तर ११२. विटेच्या खाचेत जाणारा आणि खाली सांडणारा माल धरून १२० घनफूट घेऊ.

नऊ इंची भिंतीला एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू, हे नेहमीचं प्रमाण. एकूण भाग सात. १२० ला सातने भागलं की सिमेंट १७.१ घनफूट. ५० किलोच्या गोणीत साधारण सव्वा घनफूट सिमेंट असतं, म्हणजे १४ गोण्या. वाळू १०३ घनफूट, एक ब्रासच्या किंचित वर.

वाळू घमेल्याने अंदाजे टाकली की हे प्रमाण मोडतं. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि १५ इंच उंच अशी फळ्यांची पेटी करून घ्या. ती बरोबर एका गोणीची होते. एका गोणीला सहा पेट्या वाळू. वाळू दमट असली तर ती फुगते आणि पेटीत कमी भरते; अशा वेळी पेटी थोडी शिगोशीग भरायला सांगा.

काम चालू असताना काय पाहायचं?

दहा थर झाले की खालून वर टेप लावा. दहा विटांचे ३० इंच आणि दहा सांध्यांचे पाच, मिळून ३५ इंच आले पाहिजेत. ४० च्या जवळ आले तर सांधा इंचभर जाड चालला आहे. मग विटा कमी लागतात, दिसायला बचत दिसते. प्रत्यक्षात आपल्या खोलीला विटा सहाशे कमी लागतील, पण सिमेंट १४ ऐवजी २० गोण्या आणि वाळू दीड ब्रास लागेल. शिवाय जाड सांध्याची भिंत कमी मजबूत होते. म्हणून विटा उरल्या आणि सिमेंट संपलं, तर आधी सांधा बघा.

उलट विटा संपल्या तर आधी वीट मोजा. ती साडेआठ बाय चार बाय पावणेतीन निघाली, तर याच भिंतीला ३,७३० ऐवजी सुमारे ४,२४० विटा लागतात. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेल्या विटेचा भाव नगाने नाही, भिंतीने पाहायचा.

शेवटचं एक. पुष्कळ गवंडी मजुरी लावताना दारं-खिडक्या वजा करत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. उघड्या जागेच्या कडा ओळंब्यात धरायला, विटा तोडायला, लिंटल बसवायला वेळ जातो. मजुरी ४७० वर ठरली तरी चालेल, पण ती बोली काम सुरू व्हायच्या आधी व्हावी. सामान मात्र ४१० वरच मागवा.

वहीत उतरवून ठेवा

१. आतली लांबी + ०.७५, आतली रुंदी + ०.७५, बेरजेची दुप्पट × उंची.
२. त्यातून दारं, खिडक्या (चौकटीच्या बाहेरून) आणि लिंटल वजा.
३. उरलेले चौरस फूट × ८.६६ = विटा (९ बाय ४ बाय ३ ची वीट, अर्धा इंच सांधा). वर शंभराला पाच.
४. चौरस फूट × ०.७५ = भिंतीचे घनफूट. त्यातून विटा ÷ १६ वजा = ओला माल.
५. ओला माल × १.४ = कोरडं सामान, सांडलवंड धरून. त्याचे सात भाग: एक सिमेंट, सहा वाळू.