लस टोचण्याआधीचा महिना

प्राण्यांच्या दवाखान्याच्या दारात कुत्रे अडते, पुढचे पाय रोवून मागे खेचू लागते. तोवर त्याला कुणी हातही लावलेला नसतो. म्युनिकमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३५ कुत्र्यांचे दवाखान्यातले वागणे बारकाईने पाहिले. त्यांतली ७८.५ टक्के कुत्री तपासणीच्या टेबलावर घाबरलेली होती आणि १८ कुत्र्यांना ओढत किंवा उचलूनच आत न्यावे लागले. म्हणजे ही भीती मोजक्या ‘चावऱ्या’ कुत्र्यांपुरती नाही.

ती येते कुठून? कुत्र्याच्या दृष्टीने सुई एकटी येत नाही. आधी स्पिरिटचा वास येतो, मग पाय घसरणारी गुळगुळीत फरशी, कुणीतरी उचलून टेबलावर ठेवणे, मानेभोवती घट्ट हात आणि शेवटी टोचणे. दोन-तीन वेळा हाच क्रम घडला की पहिल्या वासालाच अंग थरथरू लागते. त्यात पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि पुढे काही आठवड्यांच्या अंतराने दिल्या जातात. साधारण तीन ते चौदा आठवडे हाच पिल्लाच्या मनावर जगाचे ठसे सर्वांत खोल उमटण्याचा काळ. दवाखान्याशी पहिली ओळख नेमकी त्याच दिवसांत होते.

भीतीमुळे तपासणीही बिघडते. घाबरलेल्या प्राण्याची नाडी, रक्तदाब आणि ताप वाढतो, पोटाचे स्नायू आवळले जातात. मांजरीच्या रक्तातली साखर तर निव्वळ ताणाने एवढी चढू शकते, की मधुमेहाची शंका यावी. डॉक्टरांना आजार दिसतो आहे की भीती, हे मग ओळखता येत नाही.

या क्रमाविरुद्धचा उपायही क्रमातच आहे. अमेरिकन पशुवैद्य सोफिया यिन यांनी २००९ मध्ये प्राण्यांना कमी ताण देऊन हाताळण्यावर सविस्तर पुस्तक लिहिले. तेव्हापासून अनेक देशांतल्या दवाखान्यांत या पद्धती रुजत आहेत. त्यातला बराच भाग घरच्या माणसांना स्वतः करता येतो. त्याचे तत्त्व एका वाक्यात मावते: आधी स्पर्श, मग खाऊ. कानाला हात लागला, सेकंदभराने चिकनचा तुकडा आला. हात गेला, तुकडेही थांबले. असे पुन्हा पुन्हा झाले की कानावरचा हात ही चांगल्या गोष्टीची वर्दी ठरते.

बहुतेक घरांत नेमके उलटे घडते. तोंडात आधी बिस्कीट कोंबायचे आणि ते चघळत असताना पंजा पकडून नखे कापायची. यात कुत्रे नखे कापायला नव्हे, तर बिस्किटाला घाबरायला शिकते. नंतर आवडीचा खाऊ दाखवला तरी ते पलंगाखाली शिरते, तेव्हा घरच्यांना त्याचे कारण कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरात तीन वर्षांची देशी कुत्री आहे. तिला चंपा म्हणू. महिन्याभराने तिला रेबीजची वार्षिक लस द्यायची आहे. गेल्या वर्षी दोघांनी तिला दाबून धरले होते आणि तोंड बँडेजच्या पट्टीने बांधले होते. त्यानंतर मानेजवळ कुणाचा हात आला की ती मान फिरवते, ओठ चाटते, जांभई देते, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दाखवते. गुरगुरणे याच्या बऱ्याच पुढचे. जांभईकडे लक्ष दिले, तर गुरगुरण्यापर्यंत वेळ येत नाही.

तिचा सराव सुरू होतो तो हनुवटी टेकवण्यापासून. खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल ठेवायचा. चंपाने त्यावर हनुवटी टेकवली की उकडलेल्या, बिनमसाल्याच्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्यायचा. चिकन नको असेल तर पनीर चालेल; कांदा-लसूण घातलेले काही नको आणि द्राक्षे-मनुके मुळीच नकोत, ते कुत्र्यांना विषारी असतात. पहिल्या दिवशी हनुवटी क्षणभर टेकली तरी पुरे. चार-पाच दिवसांत ती दहा सेकंदांवर जाते. एका वेळी दोन-तीन मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढाच सराव.

हनुवटी स्थिर राहू लागली की स्पर्श सुरू करायचा. आधी खांद्यावर सपाट हात, मग खांद्याच्या वरच्या सैल कातडीला दोन बोटे, मग ती कातडी चिमटीत हलकेच उचलणे. लस बहुधा तिथेच त्वचेखाली देतात. पुढे त्याच जागी टोपण लावलेल्या पेनाचा हलका दाब आणि शेवटी थोडे स्पिरिट लावलेला कापूस. प्रत्येक स्पर्शानंतर तुकडा. एक नियम मात्र अजिबात मोडायचा नाही: चंपाने हनुवटी उचलली की त्याच क्षणी हात काढून घ्यायचा, रागवायचे नाही, तिला ओढून परत बसवायचे नाही. हनुवटी टेकलेली म्हणजे ‘चालेल’ आणि उचललेली म्हणजे ‘थांबा’, हे तिला कळले की ती स्वतःहून पुन्हा टेकवते. थांबवता येते हे माहीत असलेल्या प्राण्याला पळून जायची किंवा दात दाखवायची गरज उरत नाही. ती सारखी हनुवटी उचलत असेल, तर पायरी फार मोठी झाली आहे. एक पायरी मागे जायचे.

दुसरा सराव मुसक्याचा. मुसके म्हटले की शिक्षा आठवते, म्हणून ते अनेकांना नको असते. पण चंपाने कुणाला चावले तर त्या माणसाला रेबीजच्या लसींची मालिका घ्यावी लागते. चावण्याची धास्ती नसेल तर डॉक्टरांचे हातही घाईने, घट्ट पकडत नाहीत. फरक पडतो तो मुसके कोणते आणि ते कसे शिकवले यामुळे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड ठेवते. कापडी नळीसारखे मुसके किंवा बँडेजची गाठ तोंडच मिटवून टाकते, त्यामुळे ते अगदी काही मिनिटांपुरतेच ठीक; उन्हाळ्यात, उलटी होत असताना किंवा धाप लागलेली असताना तर धोक्याचे. जाळीच्या टोपलीसारख्या मुसक्यात तोंड उघडता येते, पाणी पिता येते, जाळीतून खाऊही घेता येतो. मात्र धाप टाकण्याइतके तोंड उघडेल एवढी आत जागा हवी आणि नाकाचा शेंडा जाळीला टेकता कामा नये. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना नेहमीचे मुसके बसत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या घडणीचे लागते.

पहिले काही दिवस मुसके फक्त वाटीसारखे वापरायचे: आत थोडे दही लावायचे आणि ते चंपासमोर धरायचे. तिने आपणहून नाक आत घालायचे. मुसके तिच्या तोंडावर ढकलायचे नाही. नाक आत राहू लागले की पट्टे मानेमागे नुसते टेकवायचे, मग अडकवून लगेच सोडायचे, मग पाच सेकंद, अर्धा मिनिट, पुढे मुसके घालून घरात एक फेरी. पंजाने ओरबाडून ते काढायचा प्रयत्न झाला तर घाई झाली, असे समजावे. आणि मुसके फक्त दवाखान्याच्या दिवशी बाहेर काढू नये. फिरायला जाताना, जेवणाआधी, अधूनमधून ते निघाले, तर ते दिसले म्हणजे सुई येणार, अशी गाठ तिच्या मनात पडत नाही.

तिसरा भाग प्रतीक्षेचा. आपल्याकडचे बरेच दवाखाने एका-दोन खोल्यांचे असतात आणि संध्याकाळी तिथे झुंबड उडते. अनोळखी कुत्री नाकाला नाक लावून बसतात, बाकाखालच्या टोपलीत मांजर दबून असते. तपासणी सुरू होण्याआधीच चंपाची सहनशक्ती इथे संपते. म्हणून आधी फोन करून सकाळची पहिली किंवा गर्दी नसलेली वेळ मागावी, पोचल्यावर नाव सांगून बाहेर मोकळ्या जागेत थांबावे आणि नंबर आला की थेट आत जावे. आतच थांबावे लागले तर कोपरा धरावा आणि आपण कुत्री व इतर प्राणी यांच्यामध्ये बसावे. रोज घरी ज्या सतरंजीवर सराव केला तीच खाली अंथरावी. ओळखीचा वास आणि न घसरणारी जमीन, दोन्ही मिळतात. पट्टा आखूड पण सैल ठेवावा, कारण ताणलेल्या पट्ट्यातून माणसाची धास्ती कुत्र्यापर्यंत पोचते. ‘आमचा काही करत नाही’ म्हणत कुणी आपले कुत्रे जवळ आणलेच, तर नम्रपणे नाही म्हणावे. मांजर असेल तर तिची टोपली जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवावी आणि वरून टॉवेल घालावा.

त्या महिन्यात एक-दोनदा काहीच न टोचता दवाखान्यात जाऊन यावे. वजनकाट्यावर उभे राहायचे, तुकडा खायचा आणि बाहेर पडायचे. डॉक्टरांना आधी विचारले तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

लसीच्या दिवशी डॉक्टरांना दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात: तपासणी शक्यतो जमिनीवर सतरंजीवर करावी आणि हनुवटी टेकल्यावरच सुई घ्यावी. सगळ्यांत खरी खूण खाण्याची. घरी चिकनसाठी जीव टाकणारी चंपा दवाखान्यात त्याकडे बघतही नसेल, तर ती शिकण्याच्या पलीकडे घाबरली आहे. अशा वेळी लस तातडीची नसेल तर दुसरा दिवस मागावा.

या सरावाला मर्यादाही आहेत. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये आधीपासून दवाखान्याला घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना चार आठवड्यांचा घरचा सराव दिला होता. बऱ्याच मालकांना तो नियमित जमला नाही आणि झालेला फरकही बेताचाच होता. जुनी, खोल भीती एका महिन्यात जात नाही. ती काही महिने मागते. कान दुखत असताना कानाचा सराव करू नये, कारण तिथे वेदना खरीच असते. अपघात किंवा तातडीची शस्त्रक्रिया असेल तर हनुवटीची वाट पाहता येत नाही. काही प्राण्यांना डॉक्टर भेटीच्या काही तास आधी द्यायचे भीती कमी करणारे औषध लिहून देतात. ते त्यांच्याच सल्ल्याने आणि आधी एखाद्या साध्या दिवशी घरी देऊन पाहावे. माणसांची झोपेची गोळी स्वतःच्या अंदाजाने कधीही देऊ नये.

आणि भेट बिघडलीच, चंपाला पुन्हा दाबून धरावे लागले, तर दुसऱ्या दिवशी लगेच कातडी उचलायला घेऊ नये. दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत आणि मग पुन्हा टॉवेलवर हनुवटी टेकवण्यापासूनच सुरुवात करावी. दुसऱ्या खेपेला या पायऱ्या बहुधा पहिल्यापेक्षा लवकर चढल्या जातात.