अंबाड्यामागची अक्षरं

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर बाईचा अंबाडा कधीकधी अंकाच्या नावावर चढलेला असतो. बाई पुढे, नाव मागे. कागद सपाट, पण मध्ये हातभर जागा असल्याचा भास होतो, कारण दुसऱ्याला झाकणारी वस्तू आपल्या जवळची, असं डोळा धरून चालतो.

खरं तर नाव मागे जातच नाही. फोटोशॉपमध्ये त्याचा थर फोटोच्या वरच असतो. डोक्यावर येणारा भाग तेवढा मास्कने लपवलेला असतो. मास्क म्हणजे थराला जोडलेलं काळं-पांढरं चित्र. पांढरं असेल तिथे अक्षर दिसतं, काळं असेल तिथे लपतं. पुसलं काहीच जात नाही, त्यामुळे चुकून जास्त झाकलं तरी पांढरा ब्रश फिरवला की अक्षर परत येतं.

समजा, नाव आहे ‘बहर’. आधी नावाचा थर बंद करायचा, फोटोचा थर निवडायचा आणि Select मेनूतून Subject घ्यायचं. बाईभोवती तुटक रेघ येते. Select and Mask मध्ये केसांच्या कडा नीट करून घ्यायच्या. मग नावाचा थर पुन्हा दिसता करून निवडायचा आणि Alt दाबून Add layer mask वर क्लिक करायचं. Alt विसरला तर उलटा प्रकार होतो: नाव फक्त बाईच्या अंगावर उरतं! शेवटी थर आणि मास्क यांच्यातली साखळी सोडवायची, नाहीतर नाव सरकवताना डोक्याच्या आकाराचं भोकही सरकतं.

काम फसतं ते केसांत. फिक्या भिंतीपुढे काढलेल्या फोटोवर गडद अक्षरं टाकली, की बटांभोवती भिंतीची फिकी कड उरते आणि बाई कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. अशा वेळी नावाच्या थराला Multiply लावावं. अक्षराचा रंग भिंतीला गडद करतो, काळे केस काळेच राहतात, आणि मास्कमधून निसटलेली बटही अक्षरावर दिसते.

देवनागरीची अडचण मात्र निराळी. रोमन अक्षरं बरीचशी वरच्या अर्ध्यावरून ओळखता येतात, आणि डोकं झाकतं खालचा भाग. आपल्याकडे वर असते शिरोरेघ, जी बहुतेक अक्षरांना सारखीच. ओळख पटते तिच्या खाली. ‘बहर’मधल्या ‘ह’वर अंबाडा आला तर शेजारच्या अक्षरांच्या आधाराने वाचक तो भरून काढेल. पण गजऱ्याचं टोक ‘ब’च्या पोटातल्या तिरक्या रेघेवर गेलं, की अंक ‘वहर’ झाला. ‘टाइम’ आपल्या नावावर खुशाल डोकी चढवतं, कारण ते नाव वाचकाला पाठ आहे. नव्या अंकाला तेवढी मोकळीक नाही.

म्हणून मुखपृष्ठ अंगठ्याएवढं लहान करून, अंकाचं नाव माहीत नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्यावं. तो अडखळला तर मास्क कोरत बसू नये, नावच थोडं वर सरकवावं. साखळी सोडवलेलीच आहे.